‘टॉवरमुळे मधमाश्या मरतात’ हे लिहून बसले आहे, आता कसं बदलू?

ओंजळभर

२० मेच्या जागतिक मधमाशी दिनासाठी एक छोटं टिपण लिहिलं होतं. चार ठिकाणी पाठवलं. मग एका वाचकाने एकाच ओळीत विचारलं, “हे कोणी सिद्ध केलं?” शोधायला बसले तर हाती काहीच लागेना. मी हे कुठे वाचलं तेही आठवत नाही. अडचणीचा परिच्छेद असा आहे:

> मोबाइल टॉवरमुळे मधमाश्या मरत आहेत, हे शास्त्रज्ञांनी आता सिद्ध केलं आहे. आइनस्टाइन म्हणाला होता की मधमाश्या संपल्या तर माणूस फक्त चार वर्षं जगेल. आपला दर तिसरा घास मधमाशीमुळे मिळतो.

शीर्षक आहे ‘मधमाश्यांच्या जिवावर उठलेले टॉवर’. टिपण मागे घ्यायचं नाही, बाकीचा मजकूर बरा आहे. पण जे मला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं लिहायचं नाही. वाक्यं कशी फिरवू?

अर्धविराम

एवढं काय त्यात! पहिल्या वाक्याआधी ‘असं म्हणतात की’ घाला, मध्ये एक ‘कदाचित’ टाका. ‘सिद्ध केलं’च्या जागी ‘काही शास्त्रज्ञांचं मत आहे’. झालं काम. कोणी विचारलं तर तुम्ही ठामपणे म्हटलेलंच नाही.

टपोरा_थेंब

ताई, टिपण मुळीच बदलू नका. टॉवर कंपन्यांविरुद्ध कोणीतरी बोलायलाच हवं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा टॉवर काढायला दोन वर्षं लागली, त्यातही लोक ‘पुरावा काय’ हेच विचारत होते.

ओंजळभर

टपोरा_थेंब, टॉवर हवेत की नकोत हा माझा प्रश्नच नाही हो. माझं वाक्य खरं आहे का, एवढंच विचारते आहे.

अर्धविराम यांच्या सांगण्याप्रमाणे करून पाहिलं:

> असं म्हणतात की मोबाइल टॉवरमुळे कदाचित मधमाश्या मरत असाव्यात, असं काही शास्त्रज्ञांचं मत असल्याचं सांगितलं जातं. आइनस्टाइन म्हणे म्हणाला होता की मधमाश्या संपल्या तर माणूस बहुधा चार वर्षं जगेल. आपला जवळपास दर तिसरा घास मधमाशीमुळे मिळतो असं मानतात.

वाचून माझं मलाच हसू आलं. पण नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही.

खोडरबर

मी सांगतो. विज्ञानविषयक मजकूर तपासण्यात माझी वीसेक वर्षं गेली. अशी वाक्यं आठवड्याला दोन तरी येतात.

पहिली गोष्ट. ‘असं म्हणतात’ने शंका दाखवली जाते असं आपल्याला वाटतं, पण मराठी वाचकाच्या कानाला ते तसं लागत नाही. आजी गोष्ट सांगताना, गावाच्या नावामागची कथा सांगताना आपण ‘असं म्हणतात’ म्हणतो आणि ऐकणारा मान डोलावतो. त्यातून ‘सगळ्यांना माहीत आहे’ असंच पोहोचतं. ‘म्हणे’चं उलट. ऐकीव गोष्टीसाठी याच्याइतका नेमका शब्द आपल्याकडे दुसरा नाही, पण त्याला टोमण्याचा वास आहे. ‘आइनस्टाइन म्हणे म्हणाला होता’ यात तुम्ही आइनस्टाइनला चिडवताय असं वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या पहिल्या वाक्यात आता पाच ठिकाणी शंका आहे, पण मूळ घोटाळा जिथे होता तिथे एकही नाही. तो घोटाळा ‘मुळे’ या दोन अक्षरांत आहे. टॉवर आहेत हे खरं. मधमाश्यांच्या वसाहती मरतात हेही खरं. दोन्हींना जोडणारा ‘मुळे’ तेवढा तुमच्याकडे नाही, आणि नव्या वाक्यात तो जसाच्या तसा बसलेला आहे. भोवती कितीही ‘कदाचित’ लावा, वाचक ‘टॉवरमुळे मरतात’ एवढंच घेऊन जाणार.

आता मला सांगा, हे टॉवरचं प्रकरण मुळात आलं कुठून? ते कळल्याशिवाय शंका किती आणि कुठे ठेवायची हे ठरवता येणार नाही.

पेटीवाले_काका

मी सांगतो कुठून आलं. माझ्या स्वतःच्या पेट्यांवरून! मागच्या टेकाडावर टॉवर उभा राहिला आणि पुढच्याच हंगामात पाचपैकी तीन पेट्या रिकाम्या. माश्या मेलेल्याही दिसल्या नाहीत, गेल्याच. मला कसला अभ्यास दाखवता?

मृद्गंध

काका, तुमच्याकडे परत येते, आधी ओंजळभरताईंच्या प्रश्नाचं बघू. माझं काम परागीभवनावर आहे, त्यामुळे ही कथा अनेकदा समोर येते.

२००६-०७च्या सुमारास अमेरिकेत वसाहती अचानक ओस पडू लागल्या. पेटीत राणी असे, पिलं असत, मध असे, पण मोठ्या कामकरी माश्या गायब. कारण कोणालाच कळेना. त्याच सुमारास जर्मनीतल्या लांडाऊ इथल्या काही संशोधकांनी एक छोटा प्रयोग केलेला होता. घरातल्या कॉर्डलेस फोनचं बैठं यंत्र त्यांनी मधमाश्यांच्या पेटीतच ठेवलं आणि बाहेर सोडलेल्या माश्या परत येतात का ते पाहिलं. यंत्र असलेल्या पेट्यांकडे कमी माश्या परतल्या. एप्रिल २००७मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने दोन्ही गोष्टी जोडल्या: मोबाइल फोन मधमाश्या संपवतायत का? संशोधकांनी नंतर सांगितलं की आमचा प्रयोग मोबाइलवर नव्हताच, आणि वसाहती ओस पडण्याशी त्याचा संबंध आम्ही जोडलेला नाही. तोवर बातमी जगभर गेली होती.

म्हणजे ‘पेटीच्या आत कॉर्डलेस फोनचं यंत्र’ याचं आधी ‘मोबाइल’ झालं, मग ‘टॉवर’ झालं. ‘परत आल्या नाहीत’चं ‘मेल्या’ झालं. बातमीतलं प्रश्नचिन्ह कधी गळलं ते कोणालाच कळलं नाही.

पण यावरून ‘काहीच नाही’ असंही म्हणता येत नाही. २०११मध्ये स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास आला. त्यात चालू फोन पेटीत ठेवल्यावर कामकरी माश्या एक विशिष्ट पिपाणीसारखा आवाज काढू लागल्या. एरवी हा आवाज थवा बाहेर पडण्याच्या तयारीत किंवा वसाहत बिथरल्यावर ऐकू येतो. तेव्हा परिणाम दिसतो, पण फोन पोळ्याला खेटून असताना. टॉवरच्या लहरींची तीव्रता अंतरासोबत झपाट्याने घटते, दुप्पट अंतरावर साधारण एक चतुर्थांश. पेटीतल्या फोनचा निकाल उचलून टेकाडावरच्या टॉवरला चिकटवता येत नाही.

अर्धविराम

मग ‘सिद्ध झालेलं नाही’ असं लिहा की सरळ.

खोडरबर

तेही अर्धंच होतं. ‘सिद्ध झालेलं नाही’ वाचून कोणी समजेल की तपासलं आणि खोटं निघालं. कोणी समजेल की कोणी तपासलंच नाही. इथे तिसरंच आहे: जे तपासलं ते वेगळं होतं. अशा वेळी ‘कदाचित’ किंवा ‘असू शकतं’ शोधत बसण्यापेक्षा प्रयोगात काय केलं ते एका साध्या वाक्यात सांगावं. ‘फोन पेटीच्या आत ठेवला होता’ हे वाक्य पूर्ण ठाम आहे आणि पूर्ण खरं आहे. शंका वाचकाच्या मनात आपोआप येते, आणि जिथे यायला हवी तिथेच येते.

‘असू शकतं’बद्दल एक. मला त्याचा राग आहे, कारण ते कधीच खोटं ठरत नाही. टॉवरमुळे असू शकतं, चंद्रामुळेही असू शकतं. सांगणाऱ्याने काय पाहिलं याचा त्यात पत्ताच नसतो.

सावळा_गोंधळ

आइनस्टाइनचं मी शोधलेलं आहे! ते वाक्य पहिल्यांदा १९९४मध्ये ब्रसेल्सच्या मधपाळांच्या निदर्शनांत वाटलेल्या पत्रकात आलं. आइनस्टाइन १९५५ मध्येच गेला. म्हणजे मधपाळांनी रचलेलं. ‘आइनस्टाइनने हे म्हटलेलं नाही’ असं ठोकून लिहून टाका.

खोडरबर

अर्धं बरोबर. ते पत्रक खरंच होतं, पण त्याआधीचे उल्लेख नंतर सापडले आहेत. १९६५-६६च्या सुमारास फ्रेंच आणि आयरिश मधपाळांच्या नियतकालिकांत ‘चार वर्षं’ आइनस्टाइनच्या नावावर आहेत. त्याच्याही मागे १९४१मध्ये कॅनडातल्या एका मधपाळ नियतकालिकात आइनस्टाइनचं नाव येतं, आणि तेव्हा तो हयात होता. तिथे चार वर्षं नाहीत, माणूस संपण्याची गोष्टही नाही. मधमाशी काढून टाकली तर एक लाख वनस्पती टिकणार नाहीत, एवढंच आहे.

आणि ऐका, या धाग्यासाठीच जणू लिहून ठेवलंय: त्या १९४१च्या लेखकाने सुरुवातीलाच म्हटलं आहे की मला नीट आठवत असेल तर हे आइनस्टाइन म्हणाला. माणूस प्रामाणिक होता. ‘नीट आठवत असेल तर’ पुढच्या कोणी उचललं नाही, नाव मात्र उचललं.

त्यामुळे सावळा_गोंधळ, ‘म्हटलेलं नाही’ हेही आपल्याला माहीत नाही. त्याच्या लेखनात ते सापडलेलं नाही, एवढंच माहीत आहे. ‘१९९४मध्ये पहिल्यांदा’ लिहिलं असतंत तर तुमचंही वाक्य पडलं असतं. ‘आतापर्यंत सापडलेला सर्वांत जुना उल्लेख’ असं लिहिलं असतं तर नवा उल्लेख सापडल्यावरही लाज गेली नसती.

सावळा_गोंधळ

मान्य. तरी ‘सापडलेलं नाही’ म्हणजे नव्याण्णव टक्के ‘म्हटलेलं नाही’च की.

खोडरबर

माझंही मत तेच. पण मत आणि माहिती एका वाक्यात कोंबू नयेत.

ओंजळभर

मग मी असं लिहू का: “आइनस्टाइनच्या नावावर खपवलं जाणारं, पण त्याच्या लेखनात न सापडलेलं एक वाक्य आहे: मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षंच जगेल”?

मृद्गंध

नाव सुटलं, पण आतली गोष्ट तशीच राहिली ना. ती अपुष्ट नाही, चुकीचीच आहे. भात आणि गहू बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात, मक्याचा पराग वारा नेतो. या तिघांना मधमाशी लागत नाही. आणि जगभर पेट्यांत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी उत्तर अमेरिकेत सतराव्या शतकात माणसाने नेली. त्याआधी तिथे माणसं हजारो वर्षं राहत होती, तिथल्या इतर माश्या आणि कीटकांच्या सोबतीने.

जे खोटं आहे हे कळलंय त्याच्यापुढे ‘बहुधा’ लावणं म्हणजे खोटं सौम्य करून सांगणं. ते वाक्य काढूनच टाका.

खोडरबर

इथे माझं जरा वेगळं मत. जुन्या टिपणात ते गेलेलं आहे, चार ठिकाणी वाचलं गेलेलं आहे. गुपचूप काढलं तर आधी वाचलेल्यांच्या डोक्यात ते राहीलच. एका ओळीत ‘आधी हे लिहिलं होतं, ते मागे घेते’ असं म्हटलेलं बरं.

मृद्गंध

माझा अनुभव उलटा. खोडून काढण्यासाठी का होईना, वाक्य पुन्हा छापलं की लोकांना वाक्यच आठवतं, खोडणं आठवत नाही. ताई, हे तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या घासाचं मात्र सांगते, कारण तिथे शंका नको, नेमकेपणा हवा आहे. तो आकडा हवेतला नाही. २००७मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ११५ मुख्य पिकांचा आढावा घेतला. त्यांतल्या ८७ पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीअधिक उपयोग होतो. उत्पादनाच्या हिशेबात या पिकांचा वाटा ३५ टक्के, आणि ज्यांना त्याची गरजच नाही अशा पिकांचा ६० टक्के. ‘तिसरा घास’ त्या पस्तीसातून आला. पण ‘कमीअधिक’ वाटेत गळलं. एखाद्या पिकाचं उत्पादन परागीभवनाशिवाय दहा टक्के घटत असलं, तरी त्याचं सगळंच्या सगळं वजन त्या पस्तीसात मोजलेलं आहे. परागवाहक प्राणी नसतील तर एकूण उत्पादन किती घटेल याचा वेगळा हिशेब २००९च्या एका अभ्यासात केला होता, तो ३ ते ८ टक्क्यांच्या घरात येतो. शिवाय हे सगळे प्राणी आहेत, नुसती मधमाशी नाही. भुंगे, एकेकट्या राहणाऱ्या माश्या, फुलपाखरं, वटवाघळं सगळी त्यात आली.

अर्धविराम

म्हणजे ‘दर तिसरा घास’च्या जागी ‘तीन ते आठ टक्के’ लिहायचं? मग मधमाशीचं महत्त्वच गेलं!

मृद्गंध

नाही हो. तो आकडा वजनाचा आहे. फळं, भाज्या, तेलबिया यांतली विविधता आणि जीवनसत्त्वं त्यात दिसत नाहीत. म्हणून आकडा देताना कशाचा ते सांगायचं. महत्त्व दाखवायला आकडा फुगवावा लागत नाही.

ओंजळभर

पुन्हा लिहिलं. बघा:

> मधमाश्यांच्या वसाहती अनेक ठिकाणी मोठ्या संख्येने मरतात. वरोआ नावाचा परजीवी, त्याच्यासोबत पसरणारे विषाणू, काही कीटकनाशकं आणि कमी होत चाललेला फुलोरा ही त्यामागची अभ्यासांतून पुढे आलेली कारणं. मोबाइल टॉवरचंही नाव घेतलं जातं, आणि या टिपणाच्या आधीच्या रूपात ते मीही घेतलं होतं. त्यासाठी ज्या दोन प्रयोगांचा दाखला मला मिळाला, त्यांत फोन किंवा कॉर्डलेस फोनचं यंत्र पेटीच्या आत ठेवलं होतं. तेव्हा माश्यांच्या वागण्यात फरक दिसला. दूरच्या टॉवरने तसं होतं का, हे त्यावरून सांगता येत नाही.
>
> जगातल्या ११५ मुख्य पिकांपैकी ८७ पिकांना मधमाश्या आणि इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीअधिक उपयोग होतो.

आइनस्टाइन काढला. त्याच्याबद्दल शेवटी एक ओळ टाकली आहे, “आधीच्या रूपातलं आइनस्टाइनचं वाक्य मागे घेतलं आहे.” वाक्य पुन्हा दिलं नाही. दोघांचं अर्धंअर्धं ऐकलं.

खोडरबर

छान. ‘ज्या दोन प्रयोगांचा दाखला मला मिळाला’ हे ठेवाच, कोणी काढायला सांगितलं तरी. तुम्ही किती शोधलं ते त्यात आलं. याच्याऐवजी ‘आजवरच्या प्रयोगांत’ लिहिलं असतंत तर पुन्हा न तपासलेला दावा झाला असता, फक्त उलट बाजूने.

शीर्षकाचं काय केलंत? आत कितीही नीट लिहा, ‘जिवावर उठलेले टॉवर’ वर असेल तर अर्धे लोक तेवढंच वाचून पुढे पाठवणार.

टपोरा_थेंब

शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाका. ‘मधमाश्यांच्या जिवावर टॉवर?’ चटकदार पण राहील आणि कोणी धरणारही नाही.

खोडरबर

२००७च्या बातमीलाही प्रश्नचिन्हच होतं.

पेटीवाले_काका

सगळं वाचलं. तुम्ही पुस्तकातलं बोलता, मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग माझं पाहिलेलं लिहायचंच नाही का? की ते ‘अपुष्ट’?

मृद्गंध

काका, तुम्ही पाहिलंत ते तर सगळ्यांत पक्कं आहे. टॉवर कधी उभा राहिला, पेट्या कधी रिकाम्या झाल्या, किती झाल्या हे तुम्हाला माहीत आहे. एकच विचारते: त्या हंगामात वरोआ मोजला होता का? तीनेकशे माश्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवायच्या आणि गळलेले परजीवी मोजायचे, तसं?

पेटीवाले_काका

नाही मोजला. मला तेव्हा ती पद्धत माहीत नव्हती. आता दर महिन्याला करतो. मागच्या पावसाळ्यानंतर एका पेटीत तीनशेत चौदा निघाले होते.

मृद्गंध

चौदा म्हणजे शंभरामागे साडेचार-पावणेपाच. तीनच्या वर गेलं की बहुतेक ठिकाणी उपचार करायला सांगतात. टॉवरच्या वर्षी तसं होतं की नव्हतं हे आता कोणालाच कळणार नाही, तुम्हालाही आणि मलाही.

खोडरबर

मग काका, तुमचं असं लिहा: “टॉवर उभा राहिल्यानंतरच्या हंगामात माझ्या पाचपैकी तीन पेट्या रिकाम्या झाल्या. त्या वर्षी मी वरोआ मोजला नव्हता.” ‘नंतरच्या’ तुमचं आहे, ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. ‘मुळे’ तुमच्याकडे नाही.

पेटीवाले_काका

पहिलं वाक्य ठीक. दुसऱ्याने माझीच चूक काढल्यासारखी वाटते. पण मोजला नव्हता हे खरं आहे, तेव्हा राहू दे. टॉवरचं माझं मत काही बदललेलं नाही.

ओंजळभर

काका, तुमची ही दोन वाक्यं तुमच्या परवानगीने टिपणात घेऊ का? दोन्ही, एक नाही.

शीर्षक ‘पेटीतला फोन आणि टेकाडावरचा टॉवर’ असं करते आहे. चटकदार नाही, ठाऊक आहे. जिथे जिथे जुनं पाठवलं होतं तिथे नवं पाठवायला घेतलंय. चारांतल्या एका ठिकाणाहून उत्तर आलं: “आधीचं जास्त चांगलं होतं.”